दलाली नेमकी कधी देय होते?

पुण्यात कोथरूडसारख्या भागातला चाळीस वर्षांचा, रिसेलचा एक फ्लॅट डोळ्यासमोर आणू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली कुठलीच गोष्ट नवलाची नाही. किंमत ठरते ९० लाख. एजंटने मालकाकडून एक टक्का आणि घेणाऱ्याकडून एक टक्का, म्हणजे दोन्हीकडून ९०-९० हजार, असे तोंडी ठरवलेले आहे. एक लाखाचे टोकन दिले जाते, विसारपावती होते, महिनाभराने साठेखत नोंदवले जाते. मग घेणाऱ्याच्या बँकेचा वकील जुने कागद तपासतो. बिल्डर आणि पहिला खरेदीदार यांच्यातला करारनामा कधी नोंदवलेलाच नाही, हे त्याच्या लक्षात येते. बँक कर्ज नाकारते आणि घेणारा बाहेर पडतो. एजंट म्हणतो, माझे काम साठेखतालाच संपले, दलाली द्या. मालक म्हणतो, फ्लॅट विकलाच गेला नाही, मग दलाली कशाची? घेणारा म्हणतो, माझा तर यात काहीच दोष नाही.

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्यामुळेच हा वाद इतका जुना आहे. दलालाचा हक्क कोणत्या क्षणी पुरा होतो आणि त्या बदल्यात तो कुणाचे काय देणे लागतो, याबद्दल कायद्यात काय स्थिरावले आहे आणि काय अजून मोकळे आहे, ते या लेखात पाहू.

१८७२चा पाया

आपल्याकडे घरांच्या दलालीसाठी असा स्वतंत्र, सर्वसमावेशक कायदा नाही. आधार आहे तो १८७२च्या भारतीय करार कायद्यातल्या एजन्सीच्या प्रकरणाचा. त्यातले कलम २१९ या प्रश्नाच्या मुळाशी जाते. वेगळा करार नसेल, तर एजंटला सोपवलेले काम पूर्ण होईपर्यंत त्याचा मोबदला देय होत नाही, असे ते म्हणते.

वाक्य सोपे आहे, अडचण 'काम' या शब्दापाशी येते. गिऱ्हाईक आणून उभे करणे हे काम, की किंमत जुळवणे, की साठेखत, की खरेदीखत आणि चावी? कलम यातले काहीच सांगत नाही. ते दोन्ही बाजूंमधल्या बोलीवर अवलंबून ठेवलेले आहे. बोली स्पष्ट असेल तर कलम २१९ची गरजच पडत नाही, आणि बोली धूसर असेल तर न्यायालयाला आधी 'काम' कोणते होते ते ठरवावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला हात घातला तो स्थापनेनंतर काही आठवड्यांतच, मार्च १९५० मध्ये. अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसन मित्तर हा खटला कोलकात्यातल्या एका इमारतीच्या विक्रीचा. मालकाने १९४३ मध्ये दलालाला एक महिन्याच्या मुदतीचे अधिकारपत्र दिले होते. गिऱ्हाईक मिळवून दिल्यास ठरावीक मोबदला आणि एका रकमेच्या वर किंमत आली तर त्या वाढीतही वाटा, अशी त्यातली बोली होती. दलालाने मुदतीत गिऱ्हाईक आणले आणि मालकाच्या वतीने सौदा पक्का केल्याचे पत्रही देऊन टाकले. पुढे मालकाने त्याला बाजूला केले आणि त्याच गिऱ्हाइकांच्या बाजूने परस्पर व्यवहार केला.

या निकालातल्या दोन गोष्टी आजही प्रत्येक व्यवहाराला लागू पडतात. घराच्या दलालाला गिऱ्हाईक शोधायला सांगितले म्हणजे मालकाच्या वतीने विक्रीचा बंधनकारक करार करण्याचा अधिकार त्याला मिळाला, असे होत नाही. तो अधिकार स्पष्टपणे दिलेला असावा लागतो. आणि दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक 'मिळवून देण्या'ची बोली असेल आणि घ्यायला तयार, राजी आणि ऐपतदार असे गिऱ्हाईक दलालाने आणले असेल, तर पुढचा व्यवहार मालकाने स्वतः वेगळ्या वाटेने पुरा केला म्हणून दलालाचा हक्क बुडत नाही.

व्यवहार पुरा होण्यावर बोली असेल तर

याच्या समोर ठेवला जातो तो हाउस ऑफ लॉर्ड्सचा लक्झर विरुद्ध कूपर हा १९४१च्या खंडात छापलेला निकाल. चार चित्रपटगृहांची विक्री, किंमत १ लाख ८५ हजार पौंड आणि दलाली तब्बल १० हजार पौंड, पण ती विक्री पूर्ण झाल्यावर. दलालाने गिऱ्हाईक आणले, गिऱ्हाईक घ्यायला तयार होते, पण मालक कंपन्यांनी विचार बदलला. दलालाचे म्हणणे होते, की विनाकारण माघार घेऊन माझी दलाली बुडवू नये, अशी एक अध्याहृत अट या करारात धरली पाहिजे. न्यायालयाने ते मानले नाही. बंधनकारक करार होईपर्यंत मालकाला माघार घ्यायचे स्वातंत्र्य आहे. १० हजार पौंडांच्या आशेबरोबर हातचे जाण्याची जोखीमही दलालाने उचललेली असते, असा त्या निकालाचा रोख होता.

वरवर पाहता हे दोन निकाल परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाही. दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणी आहे: करारात कोणती घटना लिहिली आहे? एकात घटना होती गिऱ्हाईक मिळणे, दुसऱ्यात विक्री पूर्ण होणे. आपल्याकडच्या एजंटांशी बोलताना हा फरक बहुतेकदा हरवलेला दिसतो. 'एक टक्का' एवढाच आकडा ठरतो. तो कोणत्या घटनेवर, हे कुणी विचारत नाही.

करार होऊन गेल्यावर मालकाने तो मोडला तर काय, हा प्रश्न लक्झरने बराचसा मोकळा ठेवला होता. १९८१च्या एका इंग्लिश निकालात, सिमेंटच्या व्यापारातल्या दलालीबाबत, न्यायालयाने म्हटले की बंधनकारक करार झाल्यानंतर मालकाने स्वतःच तो मोडून दलालाचा मोबदला बुडवता कामा नये, ही अट अध्याहृत धरता येते. म्हणजे साठेखताची सही ही एक महत्त्वाची रेषा ठरते. सहीच्या अलीकडे मालकाची माघार ही दलालाची जोखीम. पलीकडे ती मालकाची चूक.

आता कोथरूडच्या फ्लॅटकडे परत जाऊ. मालकाने हट्टाने करार मोडलेला नाही, पण विकायला काढलेल्या फ्लॅटचे कागद पुरे असावेत ही जबाबदारी त्याचीच होती. बोली 'गिऱ्हाईक आणा' अशी होती, असे एजंटला दाखवता आले तर मालकाकडून ९० हजार मागण्याची त्याची बाजू भक्कम आहे. बोली 'व्यवहार झाला की' अशी असेल, तरी मालकाच्या दोषाने व्यवहार थांबला, हा मुद्दा त्याला मांडता येतो. आपल्याकडे तो कितपत टिकेल हे मात्र प्रत्येक खटल्याच्या तपशिलावर राहील. घेणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याने एजंट धरला तो घर मिळावे म्हणून. घर मिळाले नाही, दोष त्याचा नाही, आणि लेखी काही नाही. तिथे कलम २१९मधले काम पूर्ण झाले असे म्हणणे मला अवघड वाटते.

एजंटच्या हातात टोकनचे एक लाख असतील, तर तो त्यातून आपले पैसे वळते करतो, असेही घडते. कलम २१७ एजंटला मालकासाठी आलेल्या रकमेतून आपला मोबदला कापून घ्यायची मुभा देते, पण फक्त देय झालेला मोबदला. देय झाला की नाही हाच वाद असताना टोकन अडकवून ठेवणे म्हणजे वादाचा निकाल स्वतःच लावून घेणे होय. शिवाय टोकन कुणाचे, मालकाच्या वतीने घेतलेले की दोघांमध्ये ठेव म्हणून धरलेले, हे पावतीवर लिहिलेले नसेल तर गुंता आणखी वाढतो.

काहीच ठरले नसेल तर

घटनाच ठरलेली नसेल, तर करार अपुरा म्हणून निकामी होतो का? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वेल्स विरुद्ध देवाणी या खटल्यात याचे उत्तर 'नाही' असे दिले. लंडनमधल्या इमारतीतले सात फ्लॅट विकले जात नव्हते. फोनवर दोन टक्के अधिक कर ठरले. दलाली कधी द्यायची हे कुणी बोलले नाही. फ्लॅट २१ लाख पौंडांना एका गृहनिर्माण संस्थेला गेले. न्यायालय म्हणाले, अशा बोलीचा साधा माणूस लावेल तो अर्थ असा, की व्यवहार पुरा झाल्यावर, आलेल्या पैशातून दलाली द्यायची. एजंटने मात्र तिथल्या १९७९च्या कायद्यानुसार आपल्या अटी वेळेवर लेखी कळवल्या नव्हत्या. म्हणून ४९,३५० पौंडांचा एक तृतीयांश भाग कापून त्याला ३२,९०० पौंड देण्यात आले.

हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण त्याचा विचार कलम २१९शी जुळतो. तोंडी बोली असल्यास दलाली व्यवहार पूर्ण झाल्यावर, हा अर्थ आपल्या न्यायालयांनाही सहज पटण्यासारखा आहे. बोलीच सिद्ध झाली नाही, पण कामाचा फायदा घेतला गेला असेल, तर करार कायद्याच्या कलम ७०खाली वाजवी मोबदला मागता येतो. त्यासाठी काम फुकट करायचे नव्हते आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, हे दाखवावे लागते. इथे पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि फ्लॅट दाखवण्याआधी सही करून घेतलेला व्हिजिट फॉर्म फार कामी येतात.

व्यवहार जुळला कुणामुळे?

व्हिजिट फॉर्मने एक गोष्ट सिद्ध होते: गिऱ्हाईक फ्लॅट पाहायला आले होते. व्यवहार त्या एजंटमुळे जुळला, हे त्याने सिद्ध होत नाही. एजंटांमधले आणि एजंट-मालकांमधले बरेच कडवट वाद या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत होतात.

२००८चा फॉक्सटन्स विरुद्ध बिकनेल हा इंग्लिश निकाल या बाबतीत शिकण्यासारखा आहे. एका एजन्सीने एका बाईंना घर दाखवले. त्यांना त्यात रस वाटला नाही. पुढे दुसऱ्या एजन्सीने तेच घर पुन्हा दाखवले आणि त्यांनी ते घेतले. पहिल्या एजन्सीच्या करारात 'आम्ही ओळख करून दिलेला खरेदीदार' असे शब्द होते. अपील न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला, की ओळख घराशी करून देणे पुरेसे नाही, खरेदीशी करून द्यायला हवी. दोनदा दलाली द्यायची वेळ घरमालकावर येऊ नये, ही काळजी त्या तर्कामागे होती.

एजंटांची बाजूही इथे समजून घ्यायला हवी. दहा गिऱ्हाइकांना घर दाखवायचे, पत्ता उघड करायचा, आणि मालक व गिऱ्हाइकाने परस्पर नंबर घेऊन एजंटला वगळायचे, हे सर्रास चालते. पहिली ओळख हीच त्याची खरी पुंजी असते आणि ती एकदा दिली की परत घेता येत नाही. त्यामुळे करार संपल्यानंतरही काही महिने, त्याने दाखवलेल्या व्यक्तीशी व्यवहार झाला तर दलाली देय, अशी अट ते घालतात. ही अट वाजवी आहे, पण तीन गोष्टी लिहिल्या तरच: मुदत किती, कोणती नावे, आणि दुसऱ्या एजंटने तेच गिऱ्हाईक खरोखर वळवले तर काय. 'एकाधिकार' असे लिहून दिलेल्या करारात मालकाने स्वतः शोधलेल्या गिऱ्हाइकावरही दलाली द्यायची की नाही, हेही वेगळे लिहावे लागते, कारण फक्त एक एजंट नेमणे आणि स्वतः विकण्याचा हक्कही सोडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

एजंटची कर्तव्ये

हक्काची चर्चा जितकी होते, तितकी कर्तव्यांची होत नाही. करार कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. एजंटने सांगितल्याप्रमाणे वागायचे, वाजवी कौशल्य आणि काळजी वापरायची, हिशेब द्यायचा, आणि मालकाला अंधारात ठेवून स्वतःसाठी व्यवहार करायचा नाही. या शेवटच्या कर्तव्यासाठी कलम २१५खाली दिलेले उदाहरण दीडशे वर्षांनंतरही डोळ्यांत भरते. मालक आपली जमीन विकायला सांगतो. एजंटला पाहणी करताना त्या जमिनीत खाण सापडते. खाणीबद्दल गप्प राहून तो 'मीच घेतो' म्हणतो. मालकाला कळल्यावर तो ती विक्री झुगारू शकतो. खाणीच्या जागी आज मेट्रोचे स्थानक किंवा सोसायटीचा पुनर्विकास ठेवून पाहा. पुनर्विकासाची बोलणी पुढे गेल्याचे एजंटला सोसायटीच्या सचिवाकडून कळलेले असावे आणि त्याने जुन्या भावात फ्लॅट भावाच्या नावावर घ्यावा, याला हेच उदाहरण लागू पडते.

'मला ८५ हातात दे, वरचे तुझे' अशी बोलीही बाजारात चालते. मालकाला आकडा माहीत असेल आणि मान्य असेल, तर त्यात गैर काही नाही. १९५०च्या खटल्यातही वाढीव किमतीत वाटा होताच. अडचण येते ती मालकाला ८५ सांगून घेणाऱ्याकडून ९० घेतले जातात तेव्हा. मालकाच्या नकळत मिळवलेला असा लाभ मालक कलम २१६खाली परत मागू शकतो. कलम २२० पुढे जाऊन म्हणते, की एजंटने ज्या भागात गैरवर्तन केले त्या भागाचा मोबदलाही त्याला मिळत नाही. म्हणजे हक्क आणि कर्तव्य इथे एकाच धाग्यात येतात: दलालीची मागणी आली, की एजंटचे वागणे तपासण्याचा मार्गही उघडतो.

खरा न सुटलेला प्रश्न आहे दोन्हीकडून दलाली घेण्याचा. मालकाला जास्त किंमत हवी, घेणाऱ्याला कमी. एकाच माणसाने दोघांशी निष्ठा कशी राखायची? संमतीशिवाय दोघांचा एजंट होता येत नाही, हे तत्त्व जुने आहे. पण महाराष्ट्रात दोन्हीकडून दलाली ही इतकी रूढ रीत आहे की संमती गृहीतच धरली जाते. तिचे समर्थन करणारे म्हणतात, असा एजंट खरे तर कुणाचाच वकील नसतो, तो दोघांना एकत्र आणणारा मध्यस्थ असतो आणि हे सगळ्यांना ठाऊक असते. विरोध करणारे म्हणतात, मालक त्याला 'कमीत कमी किती घेशील' ते सांगतो आणि घेणारा 'जास्तीत जास्त किती देईन' ते सांगतो. ही गुपिते एकाच डोक्यात असताना मध्यस्थ तटस्थ कसा राहील? १९९३च्या केली विरुद्ध कूपर या बर्म्युडातून आलेल्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने एजंटला बरीच सूट दिली. शेजारशेजारची दोन घरे एकाच खरेदीदाराला विकताना एका मालकाला दुसऱ्या घराच्या खरेदीची माहिती एजंटने दिली नाही, तरी त्याचा मोबदला राखला गेला. एजंट अनेकांसाठी काम करतो आणि प्रत्येकाचे गुपित राखतो, हे मालकाने मान्य केलेलेच असते, असे कारण दिले गेले. माझ्या मते हा तर्क दोन विक्रेत्यांच्या बाबतीत चालतो; समोरासमोरच्या विक्रेता-खरेदीदाराला तो तसाच लावणे धोक्याचे आहे.

रेराने काय बदलले, काय नाही

२०१६च्या रेरा कायद्याने एजंटला पहिल्यांदा नोंदणी, जबाबदारी आणि दंड यांच्या चौकटीत आणले. महाराष्ट्रात महारेराचे काम १ मे २०१७ रोजी सुरू झाले, आणि २०२३पासून इथे एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षेचे प्रमाणपत्र मिळवणे आवश्यक झाले. कलम ९प्रमाणे नोंदणीशिवाय रेरा प्रकल्पातली विक्री जुळवता येत नाही. कलम १०प्रमाणे नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली घरे विकायला मदत करायची नाही, नसलेल्या सोयी किंवा परवानग्या आहेत असे सांगायचे नाही, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या आणि बुकिंगच्या वेळी घेणाऱ्याला हक्काची सगळी कागदपत्रे मिळतील असे पाहायचे. भंग केल्यास कलम ६२खाली दिवसाला १० हजार रुपये, एकूण घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण दलाली किती आणि कधी, यावर रेरा कायदा बोलत नाही. आणि त्याची व्याख्या नव्या प्रकल्पांतल्या विक्रीभोवती फिरते. कोथरूडचा चाळीस वर्षांचा फ्लॅट त्या चौकटीच्या बाहेर राहतो, भाड्याने देण्याघेण्याची दलालीही. रिसेल व्यवहारातल्या एजंटच्या भिंतीवर महारेराचे प्रमाणपत्र असले, तरी त्या विशिष्ट व्यवहारात करार कायदा आणि फार तर ग्राहक आयोगच कामी येतो. नव्या प्रकल्पात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची: एजंटला दलाली बहुधा बिल्डर देतो. घेणाऱ्याला 'आमची सेवा तुम्हाला फुकट' असे सांगितले जाते तेव्हा एजंटचे निष्ठेचे कर्तव्य कायद्याने कुणाकडे झुकते, ते तिथेच कळते.

लेखी करारात काय हवे

कोथरूडच्या व्यवहारात एका पानाचा करार असता तर वाद बराच आटोपशीर झाला असता. मालकाच्या करारात लिहिता आले असते: साठेखत नोंदवल्यावर दलालीचा ४० टक्के भाग, म्हणजे ३६ हजार, उरलेले ५४ हजार खरेदीखताच्या दिवशी, मालकाच्या कागदपत्रांतल्या दोषामुळे व्यवहार थांबला तर पहिला हप्ता परत नाही आणि दुसरा देय नाही. घेणाऱ्याच्या करारात: बँकेने मालकीहक्काच्या दोषामुळे कर्ज नाकारले तर काहीही देय नाही, घेणाऱ्याने मन बदलले तर मात्र पहिला हप्ता देय. सोबत दोन ओळी आणखी: एजंट दोन्हीकडून किती घेतो आहे याची दोघांना माहिती आहे, आणि दोघांपैकी कुणाचीही किमतीची मर्यादा तो दुसऱ्याला सांगणार नाही. टोकन कुणाच्या खात्यात जाईल हे पावतीवर. जीएसटी लागू असेल तर दलालीत धरलेला की वरून, हेही आकड्यात.

हप्त्यांचे हे प्रमाण कायद्याने ठरलेले नाही. ते बोलीचे आहे. काही एजंट साठेखतालाच पूर्ण दलाली घेण्यावर ठाम असतात, कारण खरेदीखताला सहा महिने लागू शकतात आणि तोपर्यंत पक्षकार फोन उचलायचे थांबतात. त्यांची भीती अनाठायी नाही. पण पूर्ण रक्कम आधीच मिळालेल्या एजंटला बँकेच्या वकिलाच्या शंका सोडवण्यात, सोसायटीचे ना हरकत पत्र मिळवण्यात आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तारीख घेण्यात रस किती उरतो, हाही अनुभवाचा प्रश्न आहे.

जे अजून ठरायचे आहे

जुने कागद तपासणे हे एजंटचे कर्तव्य आहे का, यावर आपल्याकडे एकमत नाही. कलम २१२मधले वाजवी कौशल्य कितपत ताणायचे? मालकी शोधणे वकिलाचे काम, असे एजंट म्हणतात, आणि ते पूर्णपणे चूक नाही. पण करारनाम्यांची साखळी मागून पाहणे, इंडेक्स टू काढणे, पहिला करारनामा नोंदवलेला आहे की नाही एवढे विचारणे, यासाठी वकील लागत नाही. रेरा प्रकल्पात कागद पुढे ठेवण्याचे कर्तव्य कायद्याने लिहिले आहे; रिसेलमध्ये ते नाही. कोथरूडच्या फ्लॅटबाबत एजंटने पहिल्याच दिवशी तो करारनामा मागितला असता, तर टोकनच घेतले गेले नसते. ज्या एजंटने तो मागितला नाही त्याने 'कौशल्याने' काम केले असे मानून त्याला मालकाकडून दलाली द्यायची का, आणि दिली तर पूर्ण की कापून, हे ज्या दिवशी एखादे उच्च न्यायालय नेमकेपणाने सांगेल, त्या दिवशी रिसेल बाजारातल्या सगळ्या व्हिजिट फॉर्मांचा मजकूर बदलावा लागेल.